ताई, तिचं काय करू तूच सांग

ताई, फोनवर हे नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहून राहिली आहे. माझ्या बाजूच्या टेबलावर बसते ना ती, तिचं मला काही समजूनच नाही राहिलं.

गेल्या महिन्यात १६ तारखेला मी जीएसटीचं काम करत होते. एका सप्लायरचं १ लाखाचं बिल, वर १८ हजार टॅक्स. बिल आपल्याकडे आहे पण टू-बीत दिसेना. टू-बी म्हणजे १४ तारखेला पोर्टलवर येतं ते, सप्लायरने त्याच्या रिटर्नमध्ये बिल दाखवलं तरच त्यात येतं, आणि त्यात नसेल तर ते १८ हजार या महिन्यात वजा करता येत नाहीत. मी नवीन, तिला विचारलं. ती म्हणाली, "घेऊन टाक गं, तो पुढच्या महिन्यात टाकतोच." मी घेतले.

१९ ला सरांनी शीट उघडली आणि तिथेच पकडलं. नशीब, रिटर्न २० ला जायचं होतं. सरांनी विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, "मी तर हिला सांगितलं होतं, टू-बीत नाही तर घ्यायचं नाही." ताई, माझ्या तोंडून शब्दच निघाला नाही.

आणि संध्याकाळी तीच मला गाडीवर बर्डी मेट्रोपर्यंत सोडायला आली! दुसऱ्या दिवशी तासभर बसून खरेदीचं रजिस्टर टू-बीशी कसं जुळवायचं ते शिकवलं, इतकं छान की आता माझं काम अर्ध्या वेळात होते. मी हिंमत करून विचारलं, "तू घे म्हणाली होतीस ना?" तर म्हणे, "मी असं बोललेच नाही." चेहऱ्यावर खोटेपणा अजिबात नव्हता गं.

मग या महिन्यात मी शंका व्हॉट्सॲपवर विचारायला लागले. निळी टिक येते, उत्तर येत नाही, दोन मिनिटांनी स्वतः उठून माझ्या टेबलाशी येते आणि तोंडीच सांगते. चार वेळा असंच झालं, मी तारखा लिहून ठेवल्या आहेत. म्हणून आता ती सांगून गेली की मीच मेसेज टाकते, "तू म्हणालीस तसं हे बिल या महिन्यात धरत नाही." त्यावर ती फक्त अंगठा पाठवते.

मला वाटलं होतं चला, समजलं, स्वतःला वाचवते आहे. पण परवा बँकेच्या दोन एंट्र्या माझ्याकडून राहिल्या, सर चिडले, तर ही लगेच म्हणाली, "सर, माझ्याकडून राहिल्या." मी काही म्हणायच्या आत! मी नंतर सरांना खरं सांगून आले, पण तिने काहून केलं असेल असं?

तू इतकी वर्षं ऑफिसात काढली, तुला अशी माणसं भेटली असतील. ती सरांना घाबरते आणि त्या क्षणी जे सुचेल ते बोलून जाते, असं असू शकते का? की तिला खरंच आठवत नाही? आणि माझे ते मेसेज तिला टोचत असतील का गं, म्हणजे चालू ठेवू की थांबवू? रविवारी आईकडे येशील तेव्हा निवांत सांग, आईसमोर नको पण.