व्हर्सायचा एक तह आणि चार प्रश्न

"परीक्षेच्या प्रश्नात अॅनालाइज, इव्हॅल्युएट, डिस्कस, क्रिटिकली असेस, काहीही असो, शेवटी माहिती तर तीच लिहायची ना? मग फरक काय पडतो?" असं पोरं विचारतात.

माहिती तीच, हे खरंय. पण त्या माहितीचं करायचं काय हे प्रश्नातलं क्रियापद ठरवतं आणि मार्क तिथेच जातात. मी इतिहासाचे पेपर तपासते, त्यामुळे एकच विषय घेऊन सांगते, १९१९ चा व्हर्सायचा तह. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेला, हे सगळ्यांना पाठ असतं.

'तहामुळे जर्मनीत असंतोष कसा पसरला याचं अॅनालिसिस करा' असं आलं तर तहाचे तुकडे पाडायचे आणि ते एकमेकांना कसे जोडलेत ते दाखवायचं. कलम २३१ ने युद्धाची जबाबदारी जर्मनी आणि त्याच्या साथीदारांवर टाकली, त्याच आधारावर नुकसानभरपाई मागता आली, १९२१ मध्ये तिचा आकडा १३२ अब्ज सोन्याचे मार्क ठरला, आणि मग प्रत्येक हप्त्याला 'आम्ही न केलेल्या गुन्ह्याचा दंड भरतोय' असं म्हणायला तिथल्या पुढाऱ्यांना मोकळं रान मिळालं. यातल्या 'त्याच आधारावर' आणि 'मग' या शब्दांना मार्क आहेत. पोरं कलमांची यादी देतात आणि थांबतात, ते झालं नुसतं वर्णन. तह चांगला की वाईट हे मात्र इथे कुणी विचारलेलं नाही.

ते इव्हॅल्युएटमध्ये विचारतात. 'तह कितपत यशस्वी ठरला?' इथे आधी कसोटी सांगावी लागते, यशस्वी म्हणजे नक्की कशात? जर्मनीचं सैन्य आवरायचं होतं असं धरलं तर सैन्य १ लाखावर आणलं आणि १९३५ मध्ये हिटलरने सक्तीची भरती जाहीर करेपर्यंत ते बंधन, चोरटी पळवाट काढली जायची तरी, बऱ्यापैकी टिकलं. टिकाऊ शांतता ही कसोटी लावली तर २० वर्षांत पुन्हा युद्ध, म्हणजे सपशेल नापास. आता यातली कुठली कसोटी जड आणि का, हे सांगून निकाल द्यायचा. 'तहाचे फायदेही होते आणि तोटेही' हा निकाल नव्हे, ती पळवाट आहे.

डिस्कसमध्ये बाजू एकमेकींशी बोलल्या पाहिजेत. 'तह फार कडक होता का?' यावर एक बाजू भरपाईचा आकडा दाखवेल, तर दुसरी विचारेल की १९१८ मध्ये याच जर्मनीने ब्रेस्ट-लिटोव्हस्कला रशियावर लादलेला तह कुठे सौम्य होता? मग पहिलीने त्याला उत्तर द्यायचं. आधी एक पानभर बाजूने, मग एक पानभर विरोधात, असं लिहिलं की दोन वेगळे निबंध चिकटवल्यासारखं दिसतं. शेवटी स्वतःचं मत द्यायचं का? आयबी बोर्डाच्या व्याख्येत डिस्कसलाही पुराव्यासह निष्कर्ष अपेक्षित आहे, तुमच्या बोर्डाची क्रियापदांची यादी मात्र स्वतः बघा, व्याख्या सगळीकडे सारख्या नसतात.

आता क्रिटिकली असेस, इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. क्रिटिकली म्हणजे टीका करायची असं समजून लोक तहावरच तुटून पडतात. पण प्रश्न असतो, 'व्हर्सायचा तह हेच हिटलर सत्तेवर येण्याचं मुख्य कारण, या मताचं क्रिटिकल असेसमेंट करा.' तपासायचंय ते मत, त्यातही 'मुख्य' हा शब्द. तह मुख्य कारण असता तर १९२८ मध्ये, तह होऊन ९ वर्षं झालेली असताना, नाझींना २.६ टक्केच मतं का? १९२९ ला मंदी येते आणि १९३० मध्ये १८.३, जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के. मग मंदीच मुख्य कारण म्हणून मोकळं व्हायचं? नाही ना, मंदी अमेरिकेतही होती, तिथे हिटलर आला नाही. म्हणजे नुसत्या मंदीनेही भागत नाही, राग आधीपासून होता, मंदीने त्याला मतदार मिळवून दिले. आता निकाल लिहिता येतो: मत अर्धं टिकतं, तह हे आवश्यक कारण होतं असं म्हणता येईल, पण 'मुख्य' म्हणणं आकड्यांना पेलत नाही.

स्वतःचं उत्तर तपासायला मी पोरांना सांगते की प्रश्न झाकून शेवटचा परिच्छेद शेजारच्याला वाचायला द्या, आणि क्रियापद कुठलं होतं ते ओळखायला सांगा. तो 'थोडक्यात सांगा असेल' म्हणाला तर तो परिच्छेद पुन्हा लिहायचा, बाकीच्या निबंधाला बहुतेक वेळा हातही लावावा लागत नाही.