पन्नास हजार कमी पडले, विकावे लागले एक लाखाचे

माझ्याकडे इक्विटी म्युच्युअल फंडाची दहा लाखांची युनिट्स होती आणि पैशांची निकड होती. युनिट्स विकायची नव्हती, म्हणून ती तारण ठेवून ओव्हरड्राफ्ट घेतला. फोलिओ निवडले, ओटीपी टाकला, युनिट्सवर लीन लागलं. म्हणजे युनिट्स माझ्याच नावावर राहिली, फक्त ती परस्पर विकण्याची सोय बंद झाली. हे सगळं एका संध्याकाळी आटोपलं आणि तेव्हाच मी गाफील झालो.

इक्विटी फंडांवर तेव्हा मूल्याच्या निम्मं कर्ज देत होते, म्हणून मला पाच लाखांची मर्यादा मिळाली. डेट फंड असते तर टक्केवारी जास्त मिळाली असती, कारण त्यांची किंमत एवढी वरखाली होत नाही. मूल्य धरतात ते त्या त्या दिवसाच्या एनएव्हीने, म्हणजे एका युनिटच्या त्या दिवसाच्या किमतीने. आपण युनिट्स कितीला घेतली होती, याच्याशी कर्ज देणाऱ्याला काही देणंघेणं नसतं. त्यामुळे मर्यादा मंजुरीच्या कागदावर पाच लाख दिसत असली, तरी प्रत्यक्षात वापरता येणारी रक्कम एनएव्हीबरोबर हलते. तिला ते ड्रॉइंग पॉवर म्हणतात. बाजार वर गेला तरी ती मंजूर पाच लाखांच्या पुढे जात नाही, खाली गेला की मात्र लगेच घटते.

मी साडेचार लाख उचलले. व्याज फक्त उचललेल्या रकमेवर होतं, तेव्हा वाटलं, काय बिघडतंय!

पुढे बाजार पडला. माझे दहा लाख घसरून आठ लाखांवर आले, म्हणजे ड्रॉइंग पॉवर चार लाख. उचललेले साडेचार. मेसेज आला: पन्नास हजारांची तूट आहे, सात कामकाजी दिवसांत भरा, नाहीतर आम्ही युनिट्स विकून वसूल करू.

रोख पन्नास हजार भरले असते तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण हाताशी रोकड नव्हती. मी फोन करून विचारलं, "माझीच युनिट्स विकून भागवता येईल का?" पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "हो सर, पन्नास हजारांची विका." लीन असल्यामुळे मला स्वतःला विकता येत नव्हतं, म्हणून विक्रीचा अर्ज त्यांच्याकडेच दिला. पैसे कर्जखात्यात जमा व्हायला काही दिवस गेले. झाले जमा, मी निःश्वास टाकला, आणि पुन्हा मेसेज: पंचवीस हजारांची तूट.

पुन्हा फोन. एकाने सांगितलं, सिस्टीम अपडेट झाली नसेल, उद्या बघा. दुसऱ्याने सांगितलं, पंचवीस हजारांची अजून विका. घड्याळ चालूच होतं. तिसऱ्या फोननंतर वैतागून मी कागद-पेन घेऊन बसलो. मग उलगडा झाला की सिस्टीमची काहीच चूक नव्हती. पन्नास हजारांची युनिट्स विकली तेव्हा कर्ज चार लाखांवर आलं, पण तारणही साडेसात लाखांवर आलं. त्याचं निम्मं पावणेचार लाख. म्हणून पंचवीस हजार अजून बाकी. तेवढीच पुन्हा विकली असती, तर साडेबारा हजारांची तूट राहिली असती. असंच निम्मं-निम्मं करत बसावं लागलं असतं.

निम्म्याच्या मर्यादेत तूट विकून भरायची, तर दुप्पट विकावं लागतं. एकूण एक लाखाची विकली की कर्ज साडेतीन लाख, तारण सात लाख, हिशेब जुळला. मी उरलेल्या पन्नास हजारांचा अर्ज दिला आणि तो सहाव्या दिवशी मार्गी लागला. विकायचं नाही म्हणून कर्ज काढलं, आणि नेमकं पडत्या बाजारात विकलं! त्यातल्या जुन्या युनिट्सवर नफा होता, त्याच्या कराचा हिशेबही मागे लागला. हे सगळं पहिल्याच फोनवर कुणी सांगितलं असतं तर माझा आठवडा वाचला असता.

एक पर्याय मला उशिरा सुचला: आणखी एक लाखाची युनिट्स तारण ठेवणं. माझा दुसरा फोलिओ बायकोबरोबर संयुक्त नावावर होता, तो त्यांनी घेतला नाही. तिसरा करबचतीचा, त्यातली युनिट्स तीन वर्षांच्या लॉक-इनमध्ये अडकलेली.

कर्ज उचलण्याआधी करायचा हिशेब सोपा आहे, मी केला नव्हता एवढंच. उचललेल्या रकमेची दुप्पट करा. तारणाचं मूल्य त्या आकड्याच्या खाली गेलं की मेसेज येणार. साडेचार लाखांसाठी तो आकडा नऊ लाख, म्हणजे माझ्याकडे जेमतेम दहा टक्क्यांच्या घसरणीपुरती जागा होती. तीन लाखच उचलले असते तर चाळीस टक्के बाजार पडेपर्यंत कुणी हाक मारली नसती. आणि दर महिन्याचं व्याज त्याच खात्यात नावे पडतं, न भरल्यास तेवढं कर्ज वाढतं, हेही त्यात धरा. मी आता ते दोन दिवस आधीच भरतो.