उत्तर देण्याची आवश्यकता नाही

त्या शुक्रवारी सकाळी पावणेनऊला मी बाणेरच्या सिग्नलला उभी होते, तेव्हा चाकणच्या प्लांटमधून सिक्युरिटी सुपरवायझरचा फोन आला. "मॅडम, काट्यावरची पावती येत नाहीये. गेटवर नऊ गाड्या थांबल्यात, शेवटची रस्त्यावर आलीये."

आमच्याकडे कास्टिंग घेऊन येणारी गाडी आत जाताना भरलेली तोलली जाते आणि बाहेर पडताना रिकामी. दुसरं वजन झालं की काट्याचं सॉफ्टवेअर पावती तयार करून स्टोअरला आणि गेटला मेल करतं. ती आल्याशिवाय गेटवरचा माणूस दांडा उचलत नाही. मी आयटीत, काटा मेंटेनन्सकडे. त्यामुळे "काटा आमच्याकडे येत नाही हो" असं मी ठसक्यात सांगितलं आणि फोन ठेवता ठेवता पोटात गोळा आला. आदल्या दिवशी, गुरुवारी, प्लांटला सुट्टी असते म्हणून आम्ही मेल रिले बदलला होता.

रिले म्हणजे ऑफिसमधल्या यंत्रांचं पोस्टखातं. प्रिंटर, ईआरपी, काटा, सगळे आपापले मेल त्याच्याकडे टाकतात आणि तो पुढे पोचवतो. आम्ही जुना बंद करून नवा उभा केला, पण त्याचं नाव तेच ठेवलं. नाव तेच राहिलं की कोणाच्या सेटिंगला हात लावावा लागत नाही. म्हणून मी बुधवारी २१२ जणांना मेल धाडला. विषयाची सुरुवात `FYI:` आणि मजकुराच्या डोक्यावर ठळक अक्षरांत: केवळ माहितीसाठी, आपल्याकडून कोणतीही कृती अपेक्षित नाही, उत्तर देण्याची आवश्यकता नाही.

मी काट्यावरच्या काकांना फोन लावला. काका निवृत्तीला आलेले, पण आलेला प्रत्येक मेल वाचणारे.

"काका, बुधवारचा माझा मेल पाहिला होता का?"

"पाहिला की. तुम्हीच लिहिलं होतं, काही करायचं नाही. नाही केलं. पण मी विचारलं होतं तुम्हाला."

"मला? कधी?"

"त्याच मेलवर. दुपारी."

गाडी बाजूला घेऊन मी फोनवरच मेलबॉक्स उघडला, तर इनबॉक्समध्ये त्यांचं काहीच नव्हतं. मग आठवलं. दिवाळीच्या सुमारास अशाच एका माहितीच्या मेलवर साठ-सत्तर "नोटेड" आले होते, शिवाय रजेवर असलेल्यांची आपोआप येणारी उत्तरं. वैतागून मी एक रूल लावला: विषयात `FYI:` असलेली सगळी उत्तरं परस्पर एका फोल्डरमध्ये, तीही वाचलेली म्हणून. उत्तर आलं की विषयाच्या पुढे फक्त `RE:` लागतं, `FYI:` तसंच राहतं, त्यामुळे रूल चोख चालत होता. फोल्डरमध्ये बुधवारची ४१ उत्तरं होती. "नोटेड", "नोटेड विथ थँक्स", एक अंगठा, आणि त्यांच्या मधोमध काकांचं: "मॅडम, आमच्या काट्यात नाव नाही, नंबर टाकलेला आहे. चालेल ना?"

चालणार नव्हतं. कधीकाळी सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या माणसाने रिलेच्या नावाऐवजी त्याचा आयपी पत्ताच टाकून ठेवला होता. नाव नव्या सर्व्हरकडे वळलं, काटा मात्र जुन्याच दारावर थापा मारत बसला. बरं, मेल सर्व्हरला समोरचा सापडला नाही तर तो पत्र बाजूला ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, चार-पाच दिवससुद्धा. काट्याचं सॉफ्टवेअर इतकं सोशिक नव्हतं. एकदा प्रयत्न, मग स्क्रीनच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ, की पुढची गाडी.

जुना सर्व्हर आम्ही फक्त बंद केला होता, पुसला नव्हता, हे नशीब. सहकाऱ्याने तो चालू केल्यावर पावत्या निघू लागल्या. सकाळच्या अडकलेल्या पावत्या मात्र काकांना एकेक करून पुन्हा काढाव्या लागल्या. गेट मोकळं व्हायला साडेदहा झाले. तोवर ड्रायव्हर मंडळींनी सुपरवायझरला जे ऐकवलं, ते त्याने मला जसंच्या तसं ऐकवलं.

सोमवारी सरांसमोर बसले. "चूक काकांची नाही," एवढं म्हटलं आणि पुढे माझी कुठे झाली ते सांगायला बराच वेळ लागला. कारण बुधवारी लिहिलेलं वाक्य २१२ पैकी जवळजवळ सगळ्यांसाठी खरं होतं. ज्यांच्यासाठी खोटं होतं ते कोण, हे शोधायची साधी रीत आहे आणि ती मला माहीत होती. नाव नव्या सर्व्हरकडे वळवायचं, पण जुना लगेच बंद करायचा नाही. काही यंत्रं जुना पत्ता थोडा वेळ लक्षात ठेवतात; आमच्याकडे ती मुदत तासाभराची, काही सॉफ्टवेअर तर रीस्टार्ट होईपर्यंत धरून बसतात. एक-दोन कामाचे दिवस जाऊ द्यायचे आणि मग जुन्या सर्व्हरच्या लॉगमध्ये पाहायचं, अजून कोण दार ठोठावतंय. बदलाच्या आधी हे कळत नाही, कारण नावाने येणारा आणि नंबरने येणारा सर्व्हरला सारखेच दिसतात. ही पायरी मी गाळली. का, तर कोणाला काही करायचंच नाहीये, असं मी स्वतःच लिहून बसले होते.

जुना सर्व्हर आठवडाभर चालू ठेवला तेव्हा लॉगमध्ये तीन पत्ते उरले. एक काटा. दुसरं अकाउंट्सचं झेरॉक्स मशीन, जे स्कॅन करून मेल करतं. तिसरा सर्व्हर रूमचाच यूपीएस. त्याच्या आठवणीने मला आजही घाम फुटतो. काटा बंद पडला तर गाड्या हॉर्न वाजवतात. यूपीएसचा इशाऱ्याचा मेल आला नाही, तर आला नाही हे कळणार कोणाला?

संध्याकाळी घरी हे सगळं बाबांना सांगितलं. बाबा जिल्हा परिषदेत होते. म्हणाले, "आमच्या पत्राखाली दोन वेगळ्या ओळी असायच्या. प्रत माहितीस्तव सादर, ही एक. प्रत माहिती व आवश्यक कार्यवाहीसाठी रवाना, ही दुसरी. कोणाचं नाव कुठल्या ओळीत घालायचं यावर हेडक्लार्क अर्धा दिवस घालवायचे." आम्ही त्या ओळींना नेहमी हसायचो.

आता बदलाचे माझे दोन मेल जातात. लॉगमध्ये सापडलेल्यांना वेगळा, नावानिशी, काय बदलायचं आणि कधीपर्यंत, हे लिहून. बाकीच्यांना माहितीचा, सगळे बीसीसीत, म्हणजे कोणी रिप्लाय ऑल केलं तरी ते माझ्यापुरतंच राहतं. "कृती अपेक्षित नाही" ही ओळ मी काढलेली नाही. ती वाचून लोक खरोखर सुटकेचा श्वास टाकतात आणि बहुतेकांना तो हक्क आहे. तिच्याखाली दोन वाक्यं वाढवली: तुमच्या यंत्रात सर्व्हरचा पत्ता आकड्यांत लिहिला असेल तर ही ओळ तुमच्यासाठी नाही, मला फोन करा. आणि शुक्रवारी सकाळी अमुक गोष्ट आली नाही, तर अमुक एक्स्टेंशन. "उत्तर देण्याची आवश्यकता नाही" हे मात्र काढलं. तो रूलही उडवला.

परवाच्या मेलला ३७ उत्तरं आली. चहा घेऊन बसले आणि एकेक उघडलं. छत्तीस "नोटेड". सदतिसावं एचआरमधून होतं: हा मेल मला का पाठवला?