सहा नंबरच्या खालची पट्टी

टॉसला दोन कॅप्टन समोरासमोर उभ्या राहिल्या. पलीकडची उंच मुलगी आमच्या भाचीच्या डोक्यावरून मागे बघत होती. कॅप्टन अजून यायची आहे, असं तिला वाटलं असावं. मग तिची नजर खाली आली. जर्सीवरच्या सहा नंबरच्या खाली शिवलेल्या, कॅप्टनच्या बोटभर पट्टीवर.

वर्गात हिला ‘पाऊण’ म्हणतात. व्हॉलीबॉलच्या टीममध्ये घेतलं तेव्हा, “बॉल आणायला घेतलंय का?” असं विचारलं होतं म्हणे.

ती लिबेरो आहे. वेगळ्या रंगाची जर्सी, जागा कायम मागच्या रांगेत. सर्व्हिस येते ती बहुतेक हिच्याच हातांवर. ब्लॉक करायला मात्र नियमानेच बंदी. म्हणजे उंची लागते ते काम तिच्या वाट्याला येतच नाही! पूर्वी लिबेरोला कॅप्टनही होता येत नसे. आंतरराष्ट्रीय नियमांत ते 2021 पासून बदललं.

काल दुसऱ्या सेटमध्ये समोरची मुलगी स्मॅशसाठी उडाली. भाची मागून ओरडली, “टिप!” पुढची पोरगी दोन पावलं पुढे सरकली आणि ब्लॉकवरून हलकेच टाकलेला बॉल अलगद तिच्या हातात आला.

घरी येताना विचारलं, “तुला कसं कळलं गं?”

“तिचा हात उडतानाच सैल पडला होता. नेटजवळ सगळ्या वर बघतात, त्यांना नाही दिसत.”

बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाली. आणि मी मात्र गेली दोन वर्षं तिला लोंबकळायला सांगतोय. कशासाठी?