सरांचा बहात्तरचा आकडा

स्मरणिकेसाठी लिहा म्हणून मेसेज आला तेव्हा सगळ्यात आधी मला गणिताच्या सरांचा खडूने पांढरा झालेला उजवा हात आठवला. १९९१ साली मी दहावीत होतो, आम्ही रामबागेत राहायचो, आणि सर तेव्हा चक्रवाढ व्याज शिकवत होते. सूत्र सगळ्यांना पाठ होतं, पण पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील असं विचारलं की सगळे गप्प, कारण त्याला लॉगॅरिदम लागतं आणि ते आम्हाला यायचं नाही.

सर म्हणाले, अरे ७२ ला व्याजदराने भागा ना. १२ टक्के असेल तर ६ वर्षं, संपलं. आमचा विश्वास बसेना म्हणून त्यांनी फळ्यावर हजार रुपये मांडले आणि दरवर्षी १२ टक्के वाढवत गेले, ११२०, १२५४, १४०५, १५७४, १७६२ आणि सहाव्या वर्षी १९७४. दोन हजाराला २६ रुपये कमी! मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं "सर, चुकलं", तर सर खुश झाले आणि म्हणाले, हे २६ रुपये कुठे गेले ते उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी सांगितलं ते असं. व्याज क्षणाक्षणाला जमा होत असतं तर आकडा ६९.३ आला असता, पण आपलं व्याज वर्षातून एकदा जमा होतं त्यामुळे तो थोडा वर सरकतो, आणि दर जितका जास्त तितका जास्त सरकतो. ८ टक्क्यांच्या आसपास तो बरोबर ७२ असतो, शिवाय ७२ ला २, ३, ४, ६, ८, ९, १२ सगळ्यांनी भाग जातो म्हणून तोंडी हिशोबाला तोच सोयीचा. ८ च्या वर गेलात तर दर ३ टक्क्यांमागे ७२ मध्ये १ मिळवा, म्हणजे १४ टक्क्यांना ७४ घ्यायचे, २० टक्क्यांना ७६. ही दुरुस्ती मला मूळ नियमापेक्षाही जास्त आवडली, अजूनही आवडते.

त्याच वर्षी बाबा रिटायर झाले आणि घरी एक एजंट काका यायला लागले. त्यांच्या स्कीममध्ये ५ वर्षांत पैसे डबल होणार होते. पोह्याची बशी हातात घेऊन ते बाबांना समजवायचे, "अहो भाऊसाहेब, ५ वर्षांत १०० टक्के, म्हणजे वर्षाला २० टक्के पडले की नाही?" आईला पण ते पटत होतं. मी आतल्या खोलीत वहीवर ७२ भागिले ५ केलं, १४.४ आलं, दुरुस्ती करून पाहिली तर १४.९ च्या जवळपास. मग २० कुठून आले? दुसऱ्या दिवशी वही घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी खाली एकच ओळ लिहिली, १०,००० वर खरंच २० टक्के चक्रवाढ मिळालं तर ५ वर्षांनी २४,८८३ हातात आले पाहिजेत, हे तर २०,०००च देतायत. काकांनी व्याजावरचं व्याज हिशोबातच धरलं नव्हतं, साध्या व्याजाचा भागाकार करून चक्रवाढीच्या दरासारखा सांगत होते.

तेव्हा पोस्टाचं किसान विकास पत्र साडेपाच वर्षांत डबल व्हायचं, म्हणजे वर्षाला साडेतेराच्या जरा आतबाहेर. बाबांना घरी ते दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवले. २० विरुद्ध साडेतेरा वाटत होतं ते प्रत्यक्षात १५ विरुद्ध साडेतेरा निघालं, आणि त्या जेमतेम दीड टक्क्यासाठी अनोळखी कंपनीत पैसे घालायला बाबा तयार झाले नाहीत. पोस्टात ठेवले.

एक गोष्ट सर दरवेळी बजावायचे, व्याज काढून घेत असाल तर हा नियम लावू नका. दर महिन्याला व्याज घरी येणाऱ्या खात्यात मुद्दल तेवढंच राहतं, तिथे ७२ चालत नाही, तिथे १०० ला दराने भागायचं. ८ टक्क्यांना ९ वर्षं नाही, साडेबारा.

मागच्या वर्षी राजवाड्याकडे गेलो होतो तेव्हा पोस्टात शिरलो, तिथे बोर्डावर किसान विकास पत्र साडेसात टक्के, ११५ महिन्यांत दुप्पट असं लिहिलेलं. उभ्या उभ्या भागाकार केला, ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षं, म्हणजे ११५ महिने, अगदी बरोबर! बाहेर येऊन लगेच सरांना फोन लावला. सर आता थकलेत, ऐकायला कमी येतं, दोनदा मोठ्याने सांगावं लागलं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "आणि त्या व्याजावर २० टक्के टॅक्स लागला तर?" मी म्हटलं, सर, मग हातात ६ टक्के उरले, १२ वर्षं. "हं, बस," म्हणाले, आणि घरी ये म्हणाले.