तीन परग्रही प्रजाती, तीन ध्वनिनियम

नाशिकमध्ये घडणाऱ्या विज्ञानकादंबरीसाठी मला तीन परग्रही प्रजातींची नावं हवी होती. वाचकाला नाव दिसताक्षणी कोणती प्रजाती ते कळलं पाहिजे, ही एकच अट होती. अशा वेळी ‘झ्र’, ‘क्ष’, ‘ग्झ’ असली विचित्र अक्षरं जमवण्याचा मोह होतो, पण मग सगळ्याच प्रजाती सारख्याच विचित्र वाटायला लागतात. वेगळेपण येतं ते एखाद्या प्रजातीकडे कोणते ध्वनी अजिबात नाहीत त्यावरून. हवाईयन भाषेत फक्त 8 व्यंजनं आहेत, जोडाक्षरं नाहीत आणि प्रत्येक अक्षर स्वरावर संपतं, म्हणून ‘होनोलुलू’ हे नाव कुठलं ते लगेच ओळखू येतं.

मी वर्णमालेचा तक्ता समोर ठेवला आणि वर्गच्या वर्ग खोडायला सुरुवात केली. आपली मुळाक्षरं उच्चारस्थानांनुसारच मांडलेली असल्याने हे काम सोपं जातं.

पहिल्या प्रजातीला चोच आहे, ओठ नाहीत. त्यामुळे प-वर्ग गेला, व गेला आणि ओठांचा चंबू लागतो म्हणून उ आणि ओ हे स्वरही गेले. उरलेल्यांतून त, ट, क, र, ळ, न, श ही व्यंजनं आणि आ, इ, ए हे स्वर घेतले. (पोपट ओठांशिवायही ‘मिठू’ म्हणतो, तेव्हा शरीररचनेचं कारण काटेकोर नाही. ते लेखकाला नियम लक्षात ठेवायला उपयोगी पडतं, एवढंच.) दुसरी प्रजाती पाण्यातली, तिला नाक नाही. म्हणून पाचही अनुनासिकं बाद. तिच्याकडे प, ब, व, द, ग, ल, ळ, ह आणि ओ, उ एवढंच आहे, आणि जोडाक्षर चालत नाही. तिसरीची सगळी व्यंजनं अघोष, म्हणजे घशात कंप न होता उच्चारली जाणारी, आणि तिच्या नावात मधोमध एक जोडाक्षर हवंच.

‘अ’ मी तिन्हीकडून काढला. मराठीत शेवटचा अ आपण उच्चारत नाही आणि मधलाही बऱ्याचदा गिळतो. लिहितो ‘करवत’, म्हणतो ‘कर्वत’. शब्द ओळखीचा असतो तोवर हे चालतं. ‘शकरत’ असं नाव दिलं तर कुणी ‘शक्रत’ वाचेल, कुणी ‘शकर्त’. ते नाव प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं वाजणार.

खरी परीक्षा विभक्तीची. कादंबरीत नाव एकटं क्वचित येतं, बहुतेक वेळा त्याला ने, ला, चा, नी लागलेलं असतं. आकारान्त नाव सामान्यरूपात मोडतं: घोडा, घोड्याने. ईकारान्त नाव वाचक स्त्रीलिंगी धरतो आणि अनेकवचनात ‘या’ जोडतो. ऊकारान्त नाव मात्र बहुतेकदा जसंच्या तसं राहतं आणि लिंगही सांगत नाही, कारण चाकू, वस्तू, लिंबू तिन्ही लिंगांत आहेत. नर-मादी भेद नसलेल्या पाण्यातल्या प्रजातीला मी म्हणूनच ऊ दिला. तिसरीला ओ दिला. ‘फोटो’सारखे परके शब्द तसेच संपतात, त्यामुळे परकेपणा आपोआप येतो. चोचवाल्यांची नावं व्यंजनावर संपवली: टेनाक, टेनाकाने, टेनाकांनी. कुठेही नाव ओळखीबाहेर जात नाही.

यात शुद्धलेखनाची एक अडचण आहे. शेवटच्या व्यंजनाआधी इ किंवा उ आला तर तो दीर्घ लिहायचा आणि सामान्यरूपात ऱ्हस्व करायचा: गरीब, गरिबाला. परग्रही नावालाही मुद्रितशोधक हाच नियम लावेल, मग एकाच नावाची दोन रूपं होतील आणि फाइलमध्ये शोधताना निम्मी सापडणार नाहीत. म्हणून चोचवाल्यांच्या शेवटच्या अक्षरात फक्त आ किंवा ए ठेवला. नावाच्या सुरुवातीला ळ मराठीत येत नाही, तोही तिथून काढला.

एवढं ठरल्यावर नावं पाडायला चार ओळी पुरतात:

```python
import random
r = random.choice
for i in range(40):
    print(r("तटकरनश") + r(["ा","ि","े"]) + r("तटकरळनश") + r(["ा","े"]) + r("तटकरळनश"))
```

या साच्यातून 1764 नावं निघू शकतात. पण यादी वाचायला घेतली की त्यात शाळेत, रानात, टाकेन, शिकेन, राकेश, रितेश अशी आपलीच माणसं भेटतात. ही एकेक खोडण्यापेक्षा शेवट पाहावा. ‘-ेत’ आणि ‘-ात’ सप्तमीसारखे वाटतात, ‘-ेन’ म्हणजे मी करेन-बसेनमधलं क्रियापद, ‘-ेश’वर मुलांची नावं संपतात आणि ‘-ाळ’ने केसाळ, रसाळ अशी विशेषणं होतात. हे पाच शेवट काढले की 1134 उरतात. त्यातूनही ‘शिकार’ निसटतंच. ते डोळ्यांनीच पकडावं लागतं आणि यादी मोठ्याने वाचावी लागते. टिळेक लगेच टिळक वाटतं, टेनाक कशासारखंच वाटत नाही.

तिसऱ्या प्रजातीच्या जोडाक्षरांनी सर्वांत जास्त वेळ घेतला. मराठी कानाला जोडाक्षराचं कूळ कळतं. क्ष आला की यक्ष-राक्षस, म्हणजे पुराण. ख्त आला की तख्त, सख्त, म्हणजे फारसी दरबार. त्यामुळे कुठल्याच घराण्यात न बसणाऱ्या जोड्या शोधल्या: थ्प, थ्क, फ्स. शिवाय ट, ठ, छ यांना उभा दंड नाही, त्यांचं अर्धं रूप नीट होत नाही. काही फाँटमध्ये ती पाय मोडून दिसतात, काहींत एकाखाली एक. म्हणून ही अक्षरं जोडाक्षरात आधी घ्यायची नाहीत. शेवटी ‘खेथ्पो’ ठरलं. पाण्यातली प्रजाती ‘दोबुळू’ झाली, त्यात बुळबुळीतपणाही आला. ‘दोबुळूंनी’मधला अनुस्वार चालतो, कारण तो निवेदकाच्या मराठीचा आहे. दोबुळूच्या स्वतःच्या तोंडी तो येऊ द्यायचा नाही.

नियम टिकतात का हे पाहायला मी प्रत्येक प्रजातीकडून नाशिकची नावं वदवून घेतली. प्रत्येक नसलेल्या ध्वनीला एक बदली ध्वनी ठरवला. दोबुळूंसाठी न चा द, श चा ह, क चा ग, र चा ल, च आणि ट चा द, अनुस्वार गाळायचा, अ-आ चा ओ, इ-ई चा उ, आणि शेवट ऊ. त्यामुळे नाशिक ‘दोहुगू’, गोदावरी ‘गोदोवोलू’, पंचवटी ‘पोदोवोदू’. टेनाकांकडे नाशिकमधले सगळे ध्वनी आहेत, फक्त शेवटच्या अक्षरात इ चालत नाही, म्हणून ‘नाशेक’. त्यांना गोदावरी जड जाते: ग चा क, द चा त, व चा र, ओ चा ए, अ चा आ, आणि नाव व्यंजनावर संपवायचं म्हणून शेवटची ई गाळली, मिळून ‘केतारार’. खेथ्पोंना न नाही, त्याच्या जागी थ, मधला इ गाळून जोडाक्षर आणि शेवटी ओ: ‘थाश्को’.

बदली ध्वनींचा हा तक्ता आणि बाद शेवटांची यादी एका पानावर मावते. ते पान हस्तलिखितासोबत मुद्रितशोधकाकडे जायलाच हवं, नाहीतर ‘खेथ्पो’ची दुरुस्ती होऊन ‘खेतपो’ छापून येईल.