आमची वाटचाल : शून्य रुपयांची बाकी

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ एका हळदीच्या दुकानावरच्या माडीवर आमचं ऑफिस सुरू झालं ते २०१६ साली. दोन टेबलं, एक प्रिंटर आणि खालून दिवसभर वर येणारा हळदीचा वास. मी आणि माझा भागीदार, दोघंच. मसाला, बेदाणा, किराणा या घाऊक व्यापाऱ्यांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर करायचं, एवढाच बेत होता. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जे व्यापारी आम्हाला चहासुद्धा विचारत नव्हते ते स्वतः जिना चढून वर यायला लागले. दोन महिन्यांत जे हाती लागलं ते लिहिलं. डेटाबेसमध्ये रकमेचा रकाना `DOUBLE` ठेवला, कारण रुपयांना दशांश चिन्ह असतं आणि `DOUBLE` मध्ये दशांश चालतो. यापलीकडे आम्ही विचार केला नव्हता.

पहिला फोन एका मसाल्याच्या शेठचा आला. उधारीच्या यादीत त्यांच्या एका गिऱ्हाइकाचं नाव होतं आणि समोर बाकी `-0.00`. शेठ म्हणाले, "शून्य रुपयांची वसुली करायला माणूस पाठवू का तुम्हीच जाताय? आणि हे उणे शून्य म्हणजे आम्हीच त्याला देणं लागतो का?" मी हसून वेळ मारून नेली. पण त्या गिऱ्हाइकानं हप्त्याहप्त्यानं पैसे भरले होते आणि बेरीज चोख जुळत होती. आमचा कोड विचारत होता की बाकी बरोबर शून्य आहे का, आणि उत्तर येत होतं, नाही. तीस पैशांतून दहा आणि वीस पैसे वजा करून पाहिलं तेव्हा डोळे उघडले.

```js
0.3 - 0.1 - 0.2                // -2.7755575615628914e-17
(0.3 - 0.1 - 0.2).toFixed(2)   // "-0.00"
```

याचं कारण मला पुस्तकांपेक्षा आमच्या आजोबांच्या हिशेबातून जास्त चांगलं समजलं. संगणक अपूर्णांक लिहितो तो निम्मा, पाव, अर्धपाव, एक सोळांश असे निम्म्यानं तुकडे करत. म्हणून सव्वा, दीड, पावणेदोन ही मापं त्याला अगदी नेमकी कळतात. जुना आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, तोही नेमका बसतो. जुना पैसा चौसष्टावा, तोही बसतो. १ एप्रिल १९५७ ला आपण रुपयाचे शंभर नवे पैसे केले आणि घोळ तिथून सुरू झाला असं मी गमतीनं म्हणतो. शंभरात पाच हा गुणक दोनदा आहे आणि निम्म्यानिम्म्यानं कितीही तुकडे केले तरी पाचवा हिस्सा नेमका मिळत नाही. शून्य ते नव्व्याण्णव पैशांत फक्त शून्य, पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर हे चारच आकडे त्याला तंतोतंत लिहिता येतात. बाकीचे शहाण्णव तो जवळच्या आकड्यावर भागवतो. चूक सोळा-सतरा आकड्यांपलीकडची असते, म्हणून पडद्यावर दिसत नाही. पण बरोबरीची तुलना केली किंवा अर्ध्या पैशाच्या उंबरठ्यावर रक्कम आली, की ती दारात उभी राहते.

अर्ध्या पैशाचा तो उंबरठा आम्हाला आमच्या एका ग्राहकाच्या सीए मॅडमनी दाखवला. त्यांनी एक बिल आणि कॅल्क्युलेटर असं दोन्ही टेबलावर ठेवलं. हळद पावडर, करपात्र रक्कम ₹१०७, जीएसटी ५ टक्के, म्हणजे सीजीएसटी अडीच आणि एसजीएसटी अडीच. १०७ चे अडीच टक्के २.६७५. पैशात गोल केले तर २.६८ आणि २.६८, बिल ₹११२.३६. आमच्या छापील बिलावर २.६७ आणि २.६७, बिल ₹११२.३४. खरेदीदाराच्या सॉफ्टवेअरनं ५ टक्के एकदमच काढून ५.३५ धरले होते, त्याचं बिल ₹११२.३५. एकाच पुड्याच्या तीन किमती. मॅडम म्हणाल्या, "हे दोन वेगळे कर आहेत, आपापले काढायचे, आपापले गोल करायचे. ५.३५ चे दोन सारखे भाग करून दाखवा मला." खरेदीदाराची चूक समजली. आमची समजायला संध्याकाळ गेली.

```js
(107 * 2.5 / 100).toFixed(2)   // "2.67"
(2.675).toFixed(20)            // "2.67499999999999982236"
```

२.६७५ आत साठवतानाच तो आकडा केसभर खाली बसतो. गोल करणारं फंक्शन प्रामाणिकपणे त्या खऱ्या आकड्याकडे बघतं आणि खाली उतरवतं. फंक्शनचा दोष नाही, त्याच्या हातात दिलेला आकडाच २.६७५ नव्हता. आणि हे कधीतरी घडणारं नव्हतं. अडीच टक्क्यांत करपात्र रक्कम विषम रुपयांची असली की दर वेळी अर्धा पैसा येतोच. त्यातले काही आकडे वर बसतात, ते बरोबर निघतात. काही खाली बसतात, ते चुकतात. म्हणून दहा बिलं तपासून "सगळं ठीक आहे" असं म्हणता येत होतं, आणि आम्ही तसं म्हणतही होतो.

शेठचं म्हणणं होतं की शेवटी बिल रुपयात राउंड ऑफ करतोच, मग दोन पैशांसाठी एवढा खटाटोप कशाला. ₹११२.३४ काय आणि ₹११२.३६ काय, गिऱ्हाईक ११२ च देणार. एका बिलापुरतं ते खरंही होतं. पण विवरणपत्रात कराची रक्कम पैशांसह जाते, आणि खरेदीदार आपल्या वहीशी ती ताडून बघतो. महिनाअखेरीला दोन्हीकडच्या बेरजा सतरा पैशांनी वेगळ्या आल्या, की कुणीतरी बसून एकेक बिल उघडतं. त्या माणसाचा दिवस सतरा पैशांपेक्षा महाग असतो.

भागीदारानं आधी सोपा उपाय केला. गोल करण्याआधी रकमेत ०.००००१ मिळवायचे. चाललं! तीन महिने चाललं. मग माल परत आल्याच्या क्रेडिट नोटा बनायला लागल्या, तिथे रक्कम उणे, आणि उण्यात मिळवलं की गाडी उलट दिशेला जाते. शेवटी एका शनिवारी दोघांनी ठरवलं की रुपये हा शब्दच कोडमधून काढायचा. आत सगळीकडे पूर्णांक पैसे. ₹१०७ म्हणजे `10700`. दशांश चिन्ह फक्त छापताना लावायचं. बेरीज आणि वजाबाकी पूर्णांकात नेमकीच होते, त्यामुळे उणे शून्याची बाकी त्याच रात्री संपली.

टक्केवारी मात्र पूर्णांक केल्यानं आपोआप सुटत नाही. १०,७०० पैशांचे अडीच टक्के दोनशे साडेसदुसष्ट येतात, म्हणजे २६७ पैसे आणि वर अर्धा. फरक एवढाच की आता अर्धा पैसा खराखुरा अर्धा असतो आणि त्याचं काय करायचं ते आपण उघड लिहितो. दरही पूर्णांक केला, अडीच टक्के म्हणजे दहा हजारांत २५०.

```js
function tax(paise, rate) {
  const t = Math.floor((Math.abs(paise) * rate + 5000) / 10000);
  return paise < 0 ? -t : t;
}
tax(10700, 250);    // 268
tax(-10700, 250);   // -268
```

`Math.abs` पहिल्या आवृत्तीत नव्हतं. त्यामुळे विक्रीच्या बिलावर कर २६८ पैसे आणि तोच माल परत आला की क्रेडिट नोटवर उणे २६७. `Math.floor` उण्यात खाली म्हणजे शून्यापासून लांब जातो आणि आधी मिळवलेले ५००० त्याला पुन्हा शून्याकडे ओढतात, म्हणून बरोबर अर्ध्यावर एक पैसा कमी पडतो. एकदा भाजलेले असल्यानं या वेळी क्रेडिट नोट आम्हीच आधी काढून बघितली.

जुनी माहिती नव्या रकान्यात हलवताना आणखी दोनदा ठेच लागली. फाइलमधून दर वाचणाऱ्या पडद्यावर आम्ही शंभरानं गुणून `parseInt` लावलं होतं. ₹१९.९९ गुणिले शंभर `1998.9999999999998` येतात आणि `parseInt` मागचं सगळं कापतो. पैसे वाचवायला निघालो आणि वाटेतच पैसा हरवला. आता आम्ही गुणतच नाही. मजकूर म्हणून आलेली रक्कम टिंबापाशी तोडतो आणि रुपये व पैसे वेगळे वाचतो. दुसरी ठेच रकान्याच्या आकाराची. नवा रकाना `INT` केला होता. त्याची मर्यादा `2147483647`, पैशात धरली तर जेमतेम सव्वादोन कोटींच्या आत. एका बेदाणा व्यापाऱ्याची वर्षाची उलाढाल ₹२,१४,७४,८३६.४७ ला येऊन थांबली ती हलेचना. आमचा सर्व्हर त्या वेळी कडक मोडमध्ये नव्हता, त्यामुळे चूक न सांगता तो मर्यादेचाच आकडा भरत राहिला. हा आकडा कुठल्याही अहवालात दिसला तर व्यापार बघू नका, रकाना बघा. `BIGINT` केल्यावर प्रश्न मिटला.

आधी छापून दिलेली बिलं आम्ही पुन्हा मोजली नाहीत. जे बिल २.६७ नं गेलं ते वहीत २६७ पैशांनीच राहिलं, कारण तोच कागद समोरच्याकडे आहे.

पैसा हे सगळ्यात लहान एकक असलं तरी दराला तो पुरत नाही, हेही लवकरच कळलं. पाकिटं, रबरबँड असा माल साडेसदतीस पैसे नगानं येतो. म्हणून नगाचा दर आम्ही रुपयाच्या दहा हजाराव्या भागात ठेवतो आणि वजन ग्रॅममध्ये. दोन्ही पूर्णांक. गुणाकार झाल्यावर त्या ओळीची रक्कम एकदाच पैशात गोल होते, त्यानंतर पुन्हा नाही.

आता आम्ही सहा जण आहोत, ऑफिस अजून त्याच माडीवर. मागच्या वर्षी एका हळद व्यापाऱ्यानं मस्कतला माल पाठवायला सुरुवात केली. ओमानी रियालचे शंभर नव्हे, हजार बैसा होतात. ते नाव आपल्या पैशावरूनच गेलेलं, पण आमच्या कोडमध्ये शंभर हा आकडा एकेचाळीस ठिकाणी कोरलेला निघाला. तो आता चलनाच्या तक्त्यात गेला आहे. रकान्याचं नाव मात्र अजून `amount_paise` च आहे, आणि त्यात बैसे भरलेले आहेत. नवीन आलेली मुलगी रोज विचारते, हे कधी बदलायचं.